अर्धा इंची पाईप आणि सीएसव्हीतला कोट

> "सीएसव्ही लिहायला लायब्ररी कशाला हवी? प्रत्येक फील्डला डबल कोट लावा, मजकुरातल्या कोटच्या आधी \ टाका, एंटरच्या जागी \n लिहा आणि सगळं स्वल्पविरामाने जोडा. एक्सेलमध्ये नीट उघडली की फाइल बरोबर."

वरच्या सल्ल्यातल्या मधल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरी नासाडी तिथेच होते.

कोटच्या आधीचा बॅकस्लॅश. ही सवय प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधून आणि जेसनमधून आलेली आहे. सीएसव्हीत तिला स्थान नाही. २००५ साली आलेल्या आरएफसी ४१८० मध्ये कोटसाठी एकच नियम दिला आहे: मजकुरातला प्रत्येक डबल कोट दोनदा लिहायचा आणि फील्ड कोटमध्ये गुंडाळायचं. हा नियम पाळून फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी बॅकस्लॅश हे साधं अक्षर आहे, त्याच्यानंतर आलेला कोट तो नेहमीसारखाच वाचतो.

आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीतली एक ओळ घ्या. प्लंबिंगच्या तक्रारींत इंचाची खूण, म्हणजे डबल कोटच, हमखास येते, आणि तीही एकटीच, जोडीशिवाय. वरच्या पद्धतीने ती ओळ अशी लिहिली जाते:

```
"101","1/2\" पाईप गळतोय, वॉशर बदला","बाकी"
```

पायथनच्या `csv.reader`ला ही ओळ द्या. इंचाच्या खुणेपाशी फील्ड संपलं असं त्याला वाटतं. पुढे स्वल्पविराम नाही, मोकळी जागा आहे, म्हणून तो कुरकुर न करता उरलेला मजकूर तिथेच चिकटवतो. पण आता तो कोटच्या बाहेर आहे, त्यामुळे "गळतोय" नंतरचा स्वल्पविराम त्याला खराखुरा विभाजक वाटतो. तीन कॉलमचे चार होतात आणि "बाकी" हा शेरा एक घर उजवीकडे सरकतो.

हे निदान दिसतं तरी. तक्रार नुसती `1/2" पाईप गळतोय` असती, तर कॉलम तीनच राहिले असते, पण मजकूर `1/2\ पाईप गळतोय"` असा झाला असता. बॅकस्लॅश तसाच राहिला आणि इंचाची खूण शेपटाला गेली. कॉलम मोजून ही चूक कधीच सापडणार नाही. आणि खूण मजकुराच्या अगदी शेवटी असेल, तर?

```
"101","गळतोय तो पाईप 1/2\"","बाकी"
```

इथे दोन कोट लागोपाठ आले. वाचक त्यांचा अर्थ "मजकुरातला एक कोट" असा घेतो, म्हणजे फील्ड बंदच होत नाही. शेरा तक्रारीच्या पोटात जातो आणि दोनच कॉलम उरतात. तक्रार हा शेवटचा कॉलम असता, तर पुढची ओळही याच फील्डला चिकटली असती. एकाच चुकीतून चार, तीन किंवा दोन कॉलम निघतात, कोट कुठे पडला त्यावर. बरोबर ओळ अशी:

```
101,"1/2"" पाईप गळतोय, वॉशर बदला",बाकी
```

बॅकस्लॅश मानणारी साधनंही आहेत, हे खरं. मायएसक्यूएलचं `LOAD DATA` मुळात बॅकस्लॅश मानतं, म्हणून बाहेरून आलेली सीएसव्ही भरताना त्याला `ESCAPED BY ''` सांगावं लागतं. नाहीतर मजकुरातले खरे बॅकस्लॅश ते गिळून टाकतं. पीएचपीचं `fputcsv` तर अर्धवट आहे: मजकुरात बॅकस्लॅशला लागून कोट आला, तर तो कोट ते दुप्पट करत नाही. पाचवा पॅरामीटर `""` दिला की सरळ वागतं (पीएचपी ७.४ पासून चालतं).

एंटरच्या जागी \n. ही नुसती अदलाबदल आहे. वाचणाऱ्याला ती माहीत नसते, त्यामुळे सेलमध्ये \n ही दोन अक्षरं जशीच्या तशी दिसतात. उलट फिरवायची ठरवली, तर मजकुरात आधीपासून असलेला `C:\new` सारखा पाथ मोडतो: `C:` एका ओळीवर आणि `ew` दुसऱ्या. खरं तर करायचं काहीच नाही. फील्ड कोटमध्ये असेल तर एंटर आत तसाच राहू द्यायचा.

गोंधळ होतो तो फाइल उघडताना. वेबफॉर्मच्या मोठ्या चौकटीतून मजकूर येतो तेव्हा एंटर `\r\n` अशा जोडीने येतो. विंडोजवर पायथनने फाइल `newline=""` न देता उघडली, तर प्रत्येक `\n` च्या आधी आणखी एक `\r` घुसतो. ओळीच्या शेवटीही तेच होतं, म्हणून एक्सेलमध्ये एकाआड एक रिकामी ओळ दिसते. ती दिसली की एस्केपिंग तपासत बसू नका, आधी `open` ची ओळ बघा:

```python
import csv
with open("takrari.csv", "w", newline="",
          encoding="utf-8-sig") as f:
    csv.writer(f).writerows(rows)
```

(`utf-8-sig` एक्सेलसाठी आहे, नाहीतर मराठीची अगम्य चिन्हं होण्याची शक्यता असते.)

सगळ्या फील्डना कोट. हे चालतं, यावर माझं भांडण नाही. फक्त जोडताना स्वल्पविरामानंतर दिसायला बरी म्हणून मोकळी जागा सोडू नका. जागेनंतर आलेला कोट फील्डचा पहिला वर्ण राहत नाही, मग तो कोट म्हणून धरलाच जात नाही. आणि पोस्टग्रेसच्या `COPY` मध्ये कोटशिवाय रिकामं फील्ड म्हणजे नल, तर `""` म्हणजे रिकामा मजकूर. तिथे सरसकट कोट लावले की नल नाहीसे होतात. कोट लावल्याने एक्सेल फोन नंबराआधीचं शून्य राखतं, हाही गैरसमज आहे.

मोबाइलवर उमटणारे वळणदार “ ” मात्र निरुपद्रवी आहेत, त्यांना हात लावू नका. साधा कोट बदलून वळणदार करणाऱ्यांनी काही सोडवलेलं नसतं, लोकांचा मजकूर बदललेला असतो.

लायब्ररी कशाला. नियम एका ओळीत बसतो, हे मान्य. ब्राउझरमध्ये मी स्वतः हेच वापरतो:

```javascript
const q = s => /[",\r\n]/.test(s)
  ? '"' + s.replace(/"/g, '""') + '"' : s;
```

आधी आतले कोट दुप्पट, मग बाहेरचे लावायचे. क्रम उलटला तर बाहेरचेही दुप्पट होतात. `\r` सुद्धा तपासलेला आहे, तो बहुतेकांच्या हातून सुटतो. पण पायथनमध्ये काम करताना, हाताशी `csv` असताना, हे पुन्हा लिहायचं कारण मला दिसत नाही.

एक्सेलमध्ये उघडून बघणं. एक्सेल मोडक्या ओळीवर तक्रार करत नाही, जमेल तसं वाचून दाखवतं. पहिल्या वीस ओळींत इंचाची खूण नसेल तर सगळं छानच दिसणार. `wc -l` नेही मोजू नका, फील्डमधले एंटर त्यात ओळी म्हणून धरले जातात. मी एक खोडकर तक्रार मुद्दाम बनवून ठेवली आहे: सुरुवातीला मोकळी जागा, मध्ये स्वल्पविराम आणि `\r\n`, शेवटी `1/2"`, आणि दुसऱ्या फील्डच्या टोकाला बॅकस्लॅश. ती लिहायची, फाइल पुन्हा `newline=""` आणि तेच `encoding` देऊन `csv.reader` ने वाचायची, आणि मूळ मजकुराशी `==` लावायचं. एका अक्षराचाही फरक पडला, तर ती फाइल पुढे पाठवायची नाही.