फोटोत पांढरे केस आणि प्रॉम्प्टमध्ये काळे

एआयवर पोर्ट्रेट करून देणाऱ्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, रेफरन्स फोटोत जे दिसतंय त्याच्या विरुद्ध प्रॉम्प्टमध्ये काही लिहू नका. केसांचा रंग तर नकोच.

नारायण पेठेतल्या एका काकूंना आईच्या पंच्याहत्तरीसाठी चित्र हवं होतं. नऊवारी नेसलेल्या आजी, मागे शनिवारवाडा. फोटो सुरेख होता, केस मात्र पांढरेशुभ्र. "केस तेवढे काळे करा हो," काकू म्हणाल्या. मी त्यांना शेजारी बसवून मुद्दाम दोन चित्रं काढून दाखवली. फोटो बघून त्याच्यासारखं चित्र काढायला लावणाऱ्या IP-Adapter ला फोटो दिला आणि प्रॉम्प्टमध्ये `long black hair` लिहिलं. फोटोचं वजन 0.8 ठेवलं तेव्हा चेहरा आजींचाच राहिला, पण केस करडेच आले. 0.5 वर केस काळेभोर झाले, पण सुरकुत्या गेल्या, गाल भरले, हनुवटी निमुळती झाली. काकू लगेच म्हणाल्या, "ही आई नाही."

असं का होतं? IP-Adapter फोटोचा सारांश मोजक्या टोकनांत, म्हणजे आकड्यांच्या थोड्याशा गठ्ठ्यांत करतं. त्यात केस, त्वचा, वय, उजेड सगळं एकत्र मिसळलेलं असतं. मजकुराचा परिणाम वेगळा काढून यात मिळवला जातो. एक पांढऱ्याकडे ओढतो, दुसरा काळ्याकडे, आणि वजन कमी केलं की फक्त केसांवरची नाही, अख्ख्या चेहऱ्यावरचीच पकड सुटते. शिवाय काळे केस मॉडेलनं बहुतेक तरुण चेहऱ्यांवरच पाहिलेले, त्यामुळे केसांमागून तारुण्यही येतं. IP-Adapter च्या FaceID प्रकारात चेहऱ्याची ओळख वेगळ्या मॉडेलनं काढलेली असते. तिच्यात केस फारसे येत नाहीत, म्हणून ओढाताण कमी होते, पण मजकुरातून येणारं तारुण्य तिथेही डोकावतंच.

म्हणून मी काम दोन टप्प्यांत करते. आधी फोटोशी जुळणारा प्रॉम्प्ट, `elderly woman, white hair`. चेहरा पक्का झाला की फक्त केसांवर मास्क घालून इनपेंट करायचं, म्हणजे तेवढाच भाग नव्यानं काढून घ्यायचा, आणि काळ्या केसांचा शब्द तेव्हाच लिहायचा. या टप्प्यात IP-Adapter बंद ठेवा, नाहीतर फोटो पुन्हा पांढऱ्याकडे ओढतो. डिनॉइज, म्हणजे खालचं चित्र किती बदलायचं ते प्रमाण, 0.4 वर ठेवलंत तर खालचा पांढरेपणा टिकून राहतो. मला साधारण 0.75 लागतो. मास्क कपाळावर उतरू देऊ नका, तिथल्या आठ्या म्हणजेच आजी आहेत.

चेहरा टिकला का, हे ओळखायला स्क्रीनवर दोन्ही चित्रांतले केस तळहातानं झाका आणि फक्त डोळे, नाक आणि नाकापासून ओठापर्यंतचं अंतर बघा. केस दिसत असले की आपली नजर त्यांच्याच रंगावर जाते, आणि चेहरा बदलला असला तरी तो फरक केसांमुळेच वाटतो.

भुवया मी मास्कबाहेरच ठेवल्या. काळ्या केसांखाली पांढऱ्या भुवया जरा वेगळ्या दिसतात, हे काकूंना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू देत, आईच्या भुवया तशाच आहेत."