कान दडपले म्हणजे हेडफोनचं सर्किट गेलं असं नाही

"नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कानात हवेचा दाब सोडतात, म्हणून कान दडपतात. सूं आवाज यायला लागला की सर्किट गेलं समजा. फार तर माइकच्या भोकात पिन फिरवा, जोरात हवा मारा. नाही जमलं तर टाकून द्या."

असा सल्ला वाचनात आला, आणि तो चुकीचा आहे. आधी दाबाचं बघू. हेडफोनमध्ये पंप नसतो. माइक बाहेरचा गोंगाट टिपतो, सर्किट त्याची उलटी लहर बनवतं आणि स्पीकर ती वाजवतो. म्हणजे तिथली हवा सतत पुढेमागे हलते, एकाच बाजूला दाबून धरली जात नाही. विमान उतरताना कान दडपतात ते खऱ्या दाबाने, आणि आवंढा गिळला की ते मोकळे होतात. हेडफोन लावून तेच करून बघा, काही फरक पडणार नाही.

मग तसं का वाटतं? खऱ्या दाबाने कानाचा पडदा ताणला जातो, तेव्हा खर्जातले आवाज कमी ऐकू येतात. नॉइज कॅन्सलेशनही मुख्यतः खर्जच काढून घेतं, म्हणजे पंख्याची घरघर, इंजिनाचा घुमारा. साधारण 1000 हर्ट्झच्या वर त्याचा जोर फारसा उरत नाही. खर्ज अचानक नाहीसा झाला की मेंदू त्याचा ओळखीचा अर्थ लावतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. बटण बंद करताच दडपण जात असेल तर ते या प्रकारचं. बंद केल्यावरही राहत असेल तर कपांची पकड घट्ट आहे किंवा कानात घातलेली टिप हवा कोंडते आहे.

दडपण एकाच कानात असेल तर मात्र नीट बघायला हवं. माझ्या मावसभावाच्या हेडफोनचं असंच झालं होतं. डाव्या कानात दडपण, शिवाय दोन्हीकडे सूं आवाज, आणि सर्किट गेलंय असं त्याला दोघांनी सांगितलेलं. मी आधी बाहेरचा आवाज आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड लावला, कारण तो बाहेरचेच माइक वापरतो. मग दोन्ही कपांच्या भोकांजवळ बोटं एकमेकांवर घासली. उजवीकडे खसखस स्वच्छ आली, डावीकडे उशीतून आल्यासारखी दबकी. म्हणजे डावा माइक नीट ऐकतच नव्हता. उजवीकडचा खर्ज कापला जात होता, डावीकडचा तसाच राहत होता, आणि या असमतोलाने त्याला डोकं एका बाजूला जड वाटत होतं.

भोक जमिनीकडे करून मऊ, कोरड्या ब्रशने हलके फटकारे मारले. जाळीवर घाम आणि धुळीचा थर बसला होता, तो चार-पाच वेळा झाडल्यावर सुटला. पुन्हा बोटं घासली तर दोन्हीकडे आवाज सारखा. दडपणही गेलं.

सूं आवाज मात्र राहिला, आणि तो राहणारच होता. तो दोन्ही कानांत सारखा, अगदी बारीक होता आणि शांत खोलीत गाणं बंद असतानाच जाणवायचा. प्रत्येक माइकचा आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा थोडा आवाज असतो. नॉइज कॅन्सलेशन चालू असताना माइक सतत काम करतात, म्हणून तो ऐकू येतो. हा बिघाड नव्हे.

पिनेचा सल्ला वाचून मला खरोखर राग येतो. भोकामागे माइकची पातळ जाळी असते, आत त्याहून नाजूक पडदा. पिन जाळी फाडते. डब्यातली दाबाखालची हवा तर थेट त्या पडद्यावर आदळते. चांगला माइक कायमचा मारायचा हा खात्रीचा मार्ग आहे. स्पिरिटही भोकात सोडू नका, मळ विरघळून आणखी आत जातो.

सर्किट किंवा माइक खरंच बिघडल्याची खूण वेगळी असते. आवाज एकाच बाजूला, मोठा, गाण्याच्या मधूनही ऐकू येणारा. तेव्हा नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून त्या बाजूचं बाहेरचं भोक बोटाने हलकेच झाका. आवाज बदलला तर तो बहुधा बाहेरून येतोय, अनेकदा वारा भोकावर घासत असतो. काहीच बदललं नाही तर आवाज आतच तयार होतोय. नॉइज कॅन्सलेशन बंद केल्यावरही तो तितकाच राहिला, तर दोष त्याच्या माइकांत नसून ॲम्प्लिफायरकडे असण्याची शक्यता जास्त.

कप दाबल्यावर शिट्टी किंवा धपधप येत असेल तर आधी कुशन तपासा. काही हेडफोनमध्ये कपाच्या आतही माइक असतो, तो स्पीकरचा आवाज ऐकून सुधारणा करतो. कुशन फाटून फट पडली की त्याचं गणित बिघडतं. चश्म्याची काडी किंवा केस मधे आले तरीही ते होतं. नवीन कुशन लावून शिट्टी थांबली तर बोर्ड उघडायची गरज नाही. थांबली नाही, आणि भोकं साफ असूनही एका बाजूची खरखर तशीच आहे, तर मात्र दुरुस्तीला द्या, आणि वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका.