घुमणारा आवाज अंड्यांच्या ट्रेनं जात नाही

«वर्गात रेकॉर्ड केलेला धडा घुमतोय? १) भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवा. २) फोन शेवटच्या बाकावर ठेवा, म्हणजे सगळा वर्ग नीट येतो. ३) शिक्षकांना मोठ्यानं बोलायला सांगा. ४) उरलेला घुमारा ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शननं काढा. सर्व मराठी शाळांच्या ग्रुपवर पाठवा.»

हा निरोप बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत दहावीच्या मुलांसाठी व्याकरणाचे धडे रेकॉर्ड करतो. पहिला धडा जवळजवळ याच पद्धतीनं केला आणि तो फुकट गेला.

धडा विभक्तीचा होता. बाईंनी फळ्यावर ‘घरास’ आणि ‘घरात’ लिहून फरक समजावला. रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही शब्द ‘घरा…’ एवढेच ऐकू येत होते. ‘रा’मधला ‘आ’ जोरकस असतो. तो भिंतींवरून परतत राहतो आणि त्याच क्षणी येणारा हलका ‘स’ किंवा ‘त’ त्याखाली बुडतो. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतो, म्हणून घुमणाऱ्या खोलीत नेमकं व्याकरणच पुसलं जातं.

आता दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

आमची खोली ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच आहे, म्हणजे १४७ घनमीटर. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा. शाळा सुटल्यावर रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून रेकॉर्ड केली. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकशेजारची उभी मोजपट्टी डेसिबलवर ठेवली की टाळीनंतरची उतरंड स्पष्ट दिसते. पहिले २० डेसिबल उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि तिप्पट करायचं, म्हणजे ६० डेसिबल उतरायचा, थोडक्यात घुमारा विरायचा वेळ मिळतो. खिडक्या उघड्या असताना आमचं उत्तर सुमारे दोन सेकंद आलं. पावसाळ्यात खिडक्या लावल्या की ते आणखी वाढतं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

खोलीत बाईंचा आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी येतो. एक सरळ तोंडातून, दुसरा भिंती, छत आणि फरशीवर आपटून. सरळ येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं घटतो. आपटून येणारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच भरलेला असतो. दोन्ही सारखे होतात ते अंतर १४७ घनमीटर आणि दोन सेकंदांच्या हिशेबानं जेमतेम अर्धा मीटर निघतं. त्यापलीकडे माइक ठेवला की खोली जास्त ऐकू येते आणि माणूस कमी. शेवटचा बाक बाईंपासून पाच मीटरवर. तिथं घुमारा सरळ आवाजापेक्षा जवळपास २० डेसिबलनं वरचढ असतो. तिथं ठेवलेला फोन खोलीच रेकॉर्ड करतो.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे. आवाज चढवला की घुमाराही तेवढाच चढतो. दोघांचं प्रमाण हलत नाही, फक्त बाईंचा घसा बसतो.

अंड्यांच्या ट्रेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक त्यावर कष्ट करतात. ट्रे म्हणजे कागदाच्या लगद्याचा पातळ पापुद्रा. आवाज शोषायला जाडी लागते, आणि हवा आत शिरून घासली जाईल अशी सैल, तंतुमय वस्तू लागते. ट्रे वरच्या पट्टीतला आवाज थोडा विखुरतो आणि थोडा खातो, पण बोलण्याचा भरदार भाग तसाच उरतो. खोली घुमतेच, वर आवाज कोंदट होतो. शिवाय मुलांच्या वर्गात भिंतभर वाळलेला कागद म्हणजे आगीला आमंत्रण.

भिंतीला काही लावायचंच असेल तर आपल्याकडं घरोघरी वाकळा आहेत, घोंगडी आहेत. वर्गाचा घुमारा कापडानं कमी होतो हे जुनं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की शिकवलेलं समजेना, आणि तिथं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वॉलेस सॅबाइन यांना ते दुरुस्त करायला सांगितलं. त्या रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या वाढवत मोजमाप घेतलं आणि त्यातून सूत्र काढलं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ नं गुणा आणि एकूण शोषणानं भागा, की घुमारा विरायचा वेळ सेकंदांत मिळतो.

ते सूत्र आमच्या खोलीला लावू. दोन सेकंद म्हणजे एकूण शोषण साधारण १२ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं. दोन मीटर बाय दीड मीटरच्या आठ जाड वाकळा टांगल्या की २४ चौरस मीटर कापड होतं. ते निम्मा आवाज खातं असं धरलं तर आणखी १२ मिळतात. शोषण दुप्पट, घुमारा एक सेकंदावर. वाकळ भिंतीला चिकटवू नका. दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढं टांगा. मागच्या हवेमुळं ती आणखी खालची पट्टीही धरते. एका भिंतीवर टांगल्या तर समोरची उघडी राहू नये.

कानाला हा फरक चांगला जाणवतो. पण हिशेबात घुमाऱ्याची पातळी फक्त ३ डेसिबलनं उतरते. माइक पाच मीटरवरून २० सेंटिमीटरवर आणला तर सरळ आवाज २८ डेसिबलनं वाढतो. म्हणून आधी माइक, मग वाकळा.

आम्ही फोनला लावायचा वायरवाला कॉलर माइक घेतला. तो हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, छातीच्या मधोमध लागायला हवा. पहिल्यांदा बाईंनी तो खांद्यावरच्या पिनेपाशी लावला, आणि मान फळ्याकडं वळली की आवाज मंद व्हायचा. मधोमध आणला तर मंगळसूत्राचे मणी टकटक आपटू लागले. शेवटी मंगळसूत्र पदराआड सरकवलं, माइक पदराच्या बाहेरच्या काठाला लावला आणि वायरचा छोटा वेढा चिमट्यात अडकवला, म्हणजे ओढ बसली तरी खरखर येत नाही. आता फळ्याकडं वळलं तरी अंतर तेच राहतं.

याची एक मर्यादा आहे. मुलांचे प्रश्न या माइकला नीट येत नाहीत. म्हणून मुलानं विचारलेला प्रश्न बाई स्वतः परत म्हणतात आणि मग उत्तर देतात.

राहिला चौथा मुद्दा. ऑडॅसिटीचं ‘Noise Reduction’ आधी निव्वळ गोंगाटाचा तुकडा मागतं आणि तसा एकसारखा आवाज सगळीकडून कमी करतं. पंख्याच्या घरघरीला ते चालतं. घुमारा म्हणजे बाईंचाच आवाज, उशिरा आलेला आणि प्रत्येक शब्दागणिक बदलणारा. त्याचा वेगळा नमुना काढणार कुठून? जोर लावून फिरवलं तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं, आणि हलका ‘स’ आधी जातो. घुमारा कमी करणारी वेगळी साधनं आहेत. ती दोन वाक्यांमधलं शेपूट छाटतात, पण ‘रा’खाली बुडालेला ‘त’ वर काढणं त्यांना क्वचितच जमतं.

जवळून घेतलेल्या रेकॉर्डिंगवर मी दोनच गोष्टी करतो. ‘High-Pass Filter’ ८० हर्ट्झला, म्हणजे पदराची धडधड जाते. नंतर पंख्यासाठी ‘Noise Reduction’, फक्त ६ डेसिबल. विभक्तीचा धडा आम्ही पुढच्या शनिवारी दुपारी पुन्हा घेतला. जुनी फाइल अजून ठेवली आहे. नव्या शिक्षकांना मी दोन्हींतलं ‘घरास, घरात’ एकापाठोपाठ ऐकवतो आणि मगच माइक हातात देतो.