फिफो की सरासरी: काजूच्या स्टॉक लेजरची एक पडताळणी

> "काजूवाल्यांनो, ३१ मार्चच्या आधी वाचा. सरासरी काढणं सोपं आहे: वर्षातल्या खरेदीचे दर बेरीज करा, बिलांच्या संख्येने भागा. फिफो फक्त ज्यांचा जुना माल खरंच आधी जातो त्यांनीच लावावा. भाव चढते असतील तर सरासरी, पडते असतील तर फिफो, टॅक्स वाचतो. बाकी सॉफ्टवेअर आकडा देतंच, तपासत बसू नका."

हा मजकूर गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या तीन वेगवेगळ्या लोकांनी मला पाठवला. तिघांचीही वही मी बघतो, त्यामुळे उत्तर देणं भागच आहे. फिफो म्हणजे जो माल आधी आला त्याचा खर्च आधी वहीतून काढायचा.

आधी एक छोटं लेजर मांडतो. एकाच प्रतवारीचे काजूगर, १० किलोच्या बंद डब्यांतले. दर खरेदीचा, भाडं-हमाली धरून. आकडे सोपे राहावेत म्हणून वर्षभरात दोनच खरेद्या आणि दोनच विक्र्या ठेवल्या आहेत.

| तारीख | व्यवहार | शिल्लक किलो | शिल्लक रक्कम | सरासरी दर |
|---|---|---|---|---|
| १ एप्रिल | सुरुवातीचा साठा २०० किलो, ७०० दराने | २०० | १,४०,००० | ७०० |
| २० मे | खरेदी ६०० किलो, ७२० दराने | ८०० | ५,७२,००० | ७१५ |
| दिवाळीआधी | विक्री ५०० किलो | ३०० | २,१४,५०० | ७१५ |
| १२ मार्च | खरेदी १०० किलो, ७९५ दराने | ४०० | २,९४,००० | ७३५ |
| १६ मार्च | विक्री २८० किलो | १२० | ८८,२०० | ७३५ |

ही चालती भारित सरासरी. प्रत्येक खरेदीनंतर एकूण रकमेला एकूण किलोंनी भागायचं आणि पुढची खरेदी येईपर्यंत तोच दर चालवायचा. वर्षअखेरीला १२० किलो, ८८,२०० रुपये.

आता त्या मजकुरातली रीत लावून बघा. ७२० आणि ७९५ यांची बेरीज भागिले दोन, म्हणजे ७५७ रुपये ५० पैसे. ६०० किलोचं बिल आणि १०० किलोचं बिल दोघांना सारखं वजन, आणि सुरुवातीचा साठा तर गायबच. या दराने १२० किलोंचे ९०,९०० होतात. फरक २,७०० रुपयांचाच दिसतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण खरी गंमत विकलेल्या मालाकडे बघितल्यावर कळते. ७८० किलो विकले; तेही याच दराने धरले तर ५,९०,८५० रुपये. शिल्लक मिळवली की ६,८१,७५०. आणि आपल्या हातात वर्षभरात एकूण माल किती रुपयांचा आला होता? १,४०,००० अधिक ४,३२,००० अधिक ७९,५००, म्हणजे ६,५१,५००. वरचे ३०,२५० रुपये कुठून आले? कुठूनच नाहीत. कोणी न दिलेले पैसे वहीत खर्च म्हणून बसले.

कोणतीही पद्धत लावा, सगळ्यात आधी ही एक ओळ जुळते का ते बघायचं:

```
सुरुवातीचा साठा + खरेदी = विकलेल्या मालाची किंमत + अखेरची शिल्लक
```

वरच्या तक्त्यात विकलेला माल ३,५७,५०० आणि २,०५,८०० मिळून ५,६३,३०० होतो. त्यात ८८,२०० मिळवले की बरोबर ६,५१,५००. काही जण सबंध वर्षाची एकच भारित सरासरी काढतात, ६,५१,५०० भागिले ९००, म्हणजे ७२३ रुपये ८९ पैसे. मग शिल्लक ८६,८६७ येते. हीसुद्धा भारित सरासरीच, ओळही जुळते. फक्त एका वर्षी ही आणि दुसऱ्या वर्षी ती, असं करायचं नाही.

फिफोबद्दलचा मुद्दा पटकन उरकतो. आमच्याकडच्या एका गोदामात डबे छतापर्यंत रचलेले असतात. तिथल्या दादांना मी एकदा विचारलं, जुना माल आधी काढता ना? ते हसले. "वरचो डबो आधी जातलो, खालचो कोण उपसतलो?" म्हणजे प्रत्यक्षात नवा माल आधी जातो, आणि त्यांची वही वर्षानुवर्षं फिफोवर आहे. त्यात चूक काही नाही. फिफो हा खर्च कोणत्या क्रमाने वहीतून काढायचा याचा ठरलेला क्रम आहे. डबे कोणत्या क्रमाने गाडीत चढले याचा तो जबाब नव्हे. एकाच प्रतवारीचा कोणताही डबा दुसऱ्याच्या जागी चालतो, म्हणूनच हे मान्य आहे. जिथे माल असा अदलाबदलीचा नसतो तिथे मात्र खबरदारी हवी. २४० नंबर, ३२० नंबर आणि तुकडा हे सगळं 'काजू' नावाच्या एकाच खात्यात टाकलं असेल, तर फिफोही खोटा आणि सरासरीही खोटी. प्रत्येक प्रतवारीला वेगळं खातं, मग पद्धतीची चर्चा.

टॅक्सच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच तो पसरतो. याच लेजरवर फिफो लावू. दिवाळीला गेलेले ५०० किलो म्हणजे आधीचे २०० आणि मे महिन्यातले ३००. मार्चमध्ये गेलेले २८० मे महिन्यातलेच. उरले मे महिन्यातले २० किलो ७२० ने, १४,४०० रुपये, आणि मार्चचे १०० किलो ७९५ ने, ७९,५०० रुपये. शिल्लक ९३,९००. सरासरीपेक्षा ५,७०० जास्त, म्हणजे नफाही ५,७०० ने जास्त. चढत्या भावात सरासरीने नफा कमी दिसतो, हे बरोबर.

पण ३१ मार्चची शिल्लक १ एप्रिलला सुरुवातीचा साठा म्हणून उभी राहते. सरासरीवाल्याचा साठा ८८,२०० ने सुरू होतो, फिफोवाल्याचा ९३,९०० ने. नव्या वर्षात हे १२० किलो विकून गोदाम रिकामं झालं की सरासरीवाल्याचा खर्च ५,७०० ने कमी लागतो आणि नफा तेवढ्यानेच जास्त. रिकाम्या गोदामात दोन्ही पद्धतींचा हिशोब एकच येतो: ६,५१,५०० चा माल आला, ६,५१,५०० चा गेला. वाचला म्हणतात तो टॅक्स खरं तर पुढे ढकललेला असतो. दर वर्षी साठा तेवढाच राहून भाव चढतच राहिले तर तो ढकललेलाच राहतो, हे मान्य. पण भाव फिरला की परत दारात.

आणि दर वर्षी वारा बघून पद्धत फिरवायची मुभाच नाही. लेखा मानक २ मध्ये अशा मालाला फिफो आणि भारित सरासरी या दोनच पद्धती आहेत, आणि आयकराच्या मालसाठ्याच्या मानकात स्पष्ट आहे की एकदा धरलेली पद्धत रास्त कारणाशिवाय बदलायची नाही. ऑडिट न लागणाऱ्या एकट्या मालकाला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला हे आयकराचं मानक लागू नाही, पण तिथेही दर मार्चला बदलणारी पद्धत अधिकाऱ्यासमोर काय म्हणून मांडणार? 'भाव चढले' हे रास्त कारण होत नाही. टॅक्स ऑडिटच्या अहवालात तर अखेरच्या साठ्याची पद्धत लिहावीच लागते. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवला की झालं. (बँकेला कॅश क्रेडिटसाठी फिफोचा ९३,९०० आणि आयकराला सरासरीचा ८८,२०० देणारेही मी पाहिलेत. एकच गोदाम, दोन किमती.)

पडत्या भावाचा सल्ला तर बहुतेक वेळा गरजेचाच नसतो. साठा खर्चाने धरायचा की विकून निव्वळ हाती येणाऱ्या रकमेने, यातली कमी असेल ती किंमत लागते. समजा डब्यांना ओल लागून गर मऊ पडला आणि दलाली-भाडं वजा जाता किलोला ६९० च मिळणार आहेत. मग १२० किलो ८२,८०० लाच धरायचे, वही फिफोवर असो की सरासरीवर. त्यासाठी पद्धत बदलावी लागत नाही.

राहिलं सॉफ्टवेअर. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण चुका इथेच सापडतात. वरच्या तक्त्यासारखाच प्रसंग आमच्याकडच्या एका वहीत झाला होता. माल १२ मार्चला टेम्पोतून उतरला, पण बिल २० तारखेला हातात आलं आणि एंट्री बिल आलं त्या तारखेला पडली. मधे १६ ला २८० किलो विकले गेले होते. शिल्लक ३०० किलो असल्यामुळे साठा उणे गेला नाही, त्यामुळे पडद्यावर कसलीही सूचना आली नाही. पण आता ते २८० किलो ७३५ ऐवजी ७१५ ने गेले. उरले २० किलो, १४,३०० रुपये. त्यात ७९,५०० चे १०० किलो मिळाले आणि शिल्लक ९३,८०० झाली. दर ७८१ रुपये ६७ पैसे. एका चुकीच्या तारखेने नफा ५,६०० ने फुगला. वरची ओळ मात्र इथेही जुळते, म्हणून ती एकटी पुरत नाही.

फिफोच्या वहीत हीच चूक झाली असती तर? २८० किलो मे महिन्याच्याच दराने गेले असते आणि शिल्लक तीच, ९३,९००. म्हणून तारखांचा गोंधळ चालत्या सरासरीत आधी बाधतो. फिफोत तो साठा उणे गेला की बाहेर येतो.

त्यामुळे मी दोन पद्धती दोन तऱ्हांनी तपासतो. फिफोला लेजर उघडायचीही गरज नाही. गोदामात मोजलेले किलो घ्यायचे आणि बिलांची फाइल शेवटून उलटी चाळायची. १२० किलो आहेत; शेवटचं बिल १०० चं, म्हणजे ते पूर्ण; उरलेले २० त्याच्या आधीच्या बिलातून. दोन गुणाकार आणि एक बेरीज. सॉफ्टवेअरचा आकडा याहून वेगळा आला, तर बहुधा कुठली तरी विक्री खरेदीच्या आधी पडलेली असते किंवा गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल भलत्या दराने आत आलेला असतो.

सरासरीला असा जवळचा रस्ता नाही, तिथे दराचा रकाना बोटाने खाली वाचत जावं लागतं. विक्रीच्या ओळीवर दर हलता कामा नये. खरेदीच्या ओळीवर नवा दर जुनी सरासरी आणि बिलाचा दर यांच्या मधे पडला पाहिजे, आणि ज्याचे किलो जास्त त्याच्याकडे झुकलेला. ३०० किलोंच्या ढिगात १०० किलो ७९५ चे आले तर ७१५ वरून ७३५ होणं बरोबर दिसतं. ७१५ वरून थेट ७८१ झाला, तर ढीग त्या क्षणी २० किलोंचा होता असं लेजर सांगतंय. मग गोदामाच्या आवक वहीत त्या दिवशी खरंच २०च किलो होते का, एवढंच बघायचं. त्या वहीत आम्हाला १२ मार्चची टेम्पोची नोंद सापडली, हमालांच्या सहीसकट. एंट्रीची तारीख मागे नेली, ७१५ खाली ७३५ उभा राहिला आणि शिल्लक ८८,२०० वर आली.