पाच अंश म्हणजे किती? एक नारळ, एक लिंबू आणि चार अमावास्या

फिरत असलेला मजकूर असा: «अमावास्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये येतो, मग वर्षाला बारा सूर्यग्रहणं का होत नाहीत? म्हणे कक्षा ५ अंशांनी कललेली आहे! ५ अंश म्हणजे घड्याळाच्या काट्याचं एक मिनिटसुद्धा नाही. आणि कल कायमचा असेल तर ग्रहण दरवर्षी त्याच महिन्यात यायला हवं. खरं कारण राहू, पण विज्ञान ते मान्य करत नाही.»

पहिला प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नये. उत्तर चुकतं ते «५ अंश म्हणजे काहीच नाही» इथे, आणि त्यात थोडा दोष पाठ्यपुस्तकातल्या चित्राचाही आहे. कागदाच्या रुंदीत बसवायचं म्हणून त्यात चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो. अशा चित्रात कक्षा ५ अंश कलवली तरी चंद्र पृथ्वीसमोरून हलत नाही आणि मग कल बिनकामाचाच वाटतो.

खरी मापं घरात मांडून बघा. १ सेंटिमीटर म्हणजे १,००० किलोमीटर धरा. पृथ्वी झाली पावणेतेरा सेंटिमीटरची, म्हणजे चांगला मोठा सोललेला नारळ. चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे लिंबू. आता लिंबू नारळापासून किती लांब धरायचं? ३ मीटर ८४ सेंटिमीटर. नारळ एका भिंतीला, लिंबू समोरच्या भिंतीजवळ. (सूर्य मात्र घरात मावत नाही. तो दीड किलोमीटरवर ठेवलेला १४ मीटरचा गोळा.)

एवढ्या अंतरावर ५ अंशांचा कल म्हणजे लिंबू जास्तीत जास्त ३४ सेंटिमीटर वर किंवा खाली. नारळाच्या मध्यापासून त्याची कड फक्त ६.४ सेंटिमीटरवर आहे. लिंबाची सावली सरळ मागे पडते, त्यामुळे लिंबू ३४ सेंटिमीटर वर असेल तर सावली नारळाच्या बऱ्याच वरून निघून जाते. तिची विरळ कड, म्हणजे उपच्छाया, मध्यरेषेपासून सुमारे साडेतीन सेंटिमीटर पसरते. ६.४ आणि ३.५ मिळून झाले ९.९. अमावास्येच्या वेळी सावलीची मध्यरेषा नारळाच्या मध्यापासून साधारण १० सेंटिमीटरच्या आत आली तरच पृथ्वीवर कुठेतरी ग्रहण दिसतं. कोनात सांगायचं तर दीड अंश. म्हणजे चंद्राला फिरायला वर पाच आणि खाली पाच अंशांची मोकळीक आहे, आणि ग्रहण लागतं ते मधल्या दीड-दीड अंशाच्या पट्ट्यात. बहुतेक अमावास्या त्या पट्ट्याबाहेर पडतात.

आता दुसरा मुद्दा, तोच महिना. या आक्षेपामागे एक समजूत आहे, की कललेली कक्षा आकाशात खिळ्याने ठोकल्यासारखी एका जागी असते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला दोन ठिकाणी छेदते. त्या बिंदूंना पात म्हणतात. सूर्य पाताजवळ असताना अमावास्या आली तर ग्रहण. मुख्यतः सूर्य चंद्राला ओढत असल्यामुळे हे पात दरवर्षी सुमारे १९ अंश मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत पूर्ण फेरी करतात. म्हणून ग्रहणांचा हंगाम, म्हणजे सूर्य पाताजवळ असण्याचा काळ, दरवर्षी अठरा-एकोणीस दिवस अलीकडे येतो. हंगाम वर्षातून दोनदा येतो आणि महिनाभराहून थोडा जास्त टिकतो, त्यामुळे दर हंगामात निदान एक अमावास्या सापडतेच.

हे नुसतं मानायची गरज नाही. अलीकडच्या चार ग्रहणांत ते क्रमाने घडलेलं आहे.

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्यात सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. जुन्या भाषेत ग्रस्तास्त. मी गच्चीतून ग्रहणाच्या चष्म्याने पाहिलं, खाली रस्त्यावर फटाके वाजत होते. त्या दिवशी चंद्र पातळीच्या सुमारे एक अंश उत्तरेला होता. आपल्या मापात सावलीची मध्यरेषा नारळाच्या मध्यापासून ६.८ सेंटिमीटर वर, म्हणजे नारळाच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी अंतरावरून हुकली. म्हणून जगात कुठेही ते खग्रास नव्हतं. उपच्छाया तेवढी उत्तर गोलार्धाला चाटून गेली.

याच हंगामाचं पुढच्या वर्षीचं ग्रहण १४ ऑक्टोबर २०२३, सर्वपित्री अमावास्या. मध्यरेषा मध्याच्या २.४ सेंटिमीटर वर. सावली नारळावर पडली आणि अमेरिका, मेक्सिको, ब्राझीलमध्ये कंकणाकृती दिसलं. २ ऑक्टोबर २०२४, पुन्हा सर्वपित्री. या वेळी २.२ सेंटिमीटर खाली, कंकण दिसलं ईस्टर बेट, चिले आणि अर्जेंटिनात. २१ सप्टेंबर २०२५, तिसऱ्यांदा सर्वपित्री. ६.८ सेंटिमीटर खाली. मध्यरेषा पुन्हा हुकली, या वेळी दक्षिणेकडून, आणि खंडग्रास ग्रहण न्यूझीलंड-अंटार्क्टिकाकडे दिसलं. शेवटच्या तिन्ही वेळी आपल्याकडे रात्र होती, म्हणून इथे कुणाच्या लक्षात फारसं राहिलं नाही.

वर ६.८, वर २.४, खाली २.२, खाली ६.८. दर बारा अमावास्यांनी सावली उत्तरेकडून दक्षिणेकडे पायरी पायरीने उतरत गेली. पाचवी पायरी ११ सप्टेंबर २०२६ ला सकाळी संपणारी पोळ्याची अमावास्या. त्या वेळी चंद्र सुमारे पावणेदोन अंश दक्षिणेला, सावली साधारण ११ सेंटिमीटर खाली. दहाच्या बाहेर, म्हणजे ग्रहण नाही. तो मान मिळतो त्याआधीच्या अमावास्येला: १२ ऑगस्ट २०२६, दिव्यांची अमावास्या, आइसलंड आणि स्पेनमध्ये खग्रास. त्याच महिन्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात.

राहिला राहू. तो विज्ञानाने लपवलेला नाही, भिंतीवरच्या पंचांगात छापलेला असतो. राहू आणि केतू म्हणजे तेच दोन पात. राहू-केतू नेहमी वक्री का, याचं कारणही वर आलंच आहे: पात मागे सरकतात. चंद्र सूर्याला झाकतो हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं, आणि आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात चंद्राच्या कक्षेचा कल साडेचार अंश धरलेला आहे. आजच्या ५ अंश ९ कलांपेक्षा तो कमी आहे, पण ग्रहण का हुकतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. राहूचं नाव घेऊन कल नाकारणं म्हणजे पाताचं नाव घेऊन पात नाकारणं.

जुनी पंचांगं घरात असतील तर दोन दिवाळ्या शेजारी ठेवा. २०२२ च्या अमावास्येला सूर्य तुळेत आणि केतूही तुळेत, दोघांत सुमारे १२ अंश. २०२३ च्या दिवाळीत सूर्य पुन्हा तुळेतच, पण केतू मागे कन्येत गेलेला आणि अंतर सुमारे २७ अंश. पातापासून साधारण १८ अंशांपलीकडे सूर्य असला की ग्रहण लागत नाही. त्या अमावास्येला चंद्र सूर्याच्या सव्वादोन-अडीच अंश खालून, म्हणजे सूर्याच्या चार-साडेचार बिंबांइतका लांबून गेला.