२७ सेकंद, ५४ सेकंद आणि एक नामांकन

कंपनीतल्या बक्षिसासाठी सहकाऱ्याचं नामांकन कसं लिहावं यावरच्या माझ्या लेखात मी 'एक माणूस, एक गोष्ट, एक आकडा' एवढंच लिहा असं म्हटलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया:
"'एक माणूस, एक गोष्ट, एक आकडा' हे ऐकायला छान वाटतं. पण मी मेंटेनन्सचा माणूस आहे. आमचं काम नीट झालं तर काहीच होत नाही, आणि 'काहीच झालं नाही' याचा आकडा कुठून आणायचा? शेवटी बक्षीस जातं सेल्सकडे, नाहीतर ज्याचा साहेब चांगलं लिहितो त्याला. आणि आकड्यांचं काय घेऊन बसलात, हवा तो महिना धरला की हवा तो आकडा येतो. वर्षभर गुपचूप राबणाऱ्यावर हा अन्याय आहे."

माझं उत्तर:

साहेब, तुम्ही मेंटेनन्सचे निघालात हे बरंच झालं. लेखात ज्याच्या नामांकनाचा मी ओझरता उल्लेख केला तो मेंटेनन्सचाच फिटर आहे. तिथे त्याची हकिगत दोन ओळींत उरकली होती, इथे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या बऱ्याचशा शंकांचं उत्तर त्या हकिगतीतच आहे.

आमचं मशिन शॉप. हवेसाठी ५५ किलोवॅटचा एक स्क्रू कॉम्प्रेसर, मिनिटाला साधारण १० घनमीटर हवा देणारा. दुपारनंतर शेवटच्या लाइनवर प्रेशर पडायचं, फिक्श्चरच्या क्लॅम्पचा प्रेशर स्विच मशिन थांबवायचा आणि ऑपरेटर 'हवा नाही' म्हणून ओरडायचे. प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं, कॉम्प्रेसर पुरत नाही, दुसरा घ्या. कोटेशनही येऊन पडलं होतं. तोवर तात्पुरतं म्हणून कुणीतरी प्रेशरची सेटिंग वाढवायला निघालं होतं, म्हणजे आगीत तेलच. प्रेशर वाढवलं की गळतीही वाढते.

या फिटरने एकच मागणी केली: गुरुवारी सुट्टीच्या दिवशी अर्धा तास फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवू द्या. शॉपमधलं एकही मशिन चालू नाही, हवा वापरणारं कुणी नाही. अशा वेळी कॉम्प्रेसरने हवा साठवायचा ३,००० लिटरचा रिसीव्हर ७ बारपर्यंत भरायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम. पण तो गप्प बसेना. हा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा राहिला. कॉम्प्रेसर २७ सेकंद लोडवर, म्हणजे हवा भरत, मग ५४ सेकंद अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत. तेवढ्यात प्रेशर ६ बारवर उतरलं की पुन्हा लोड. बऱ्याच फेऱ्या मोजून त्याने सरासरी काढली. हिशोब सोपा आहे. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, २७ भागिले ८१, म्हणजे ३३ टक्के. कॉम्प्रेसरच्या हवेतला तिसरा हिस्सा, मिनिटाला ३.३ घनमीटर, कुणीही न वापरता बाहेर जात होता.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन शोधाशोध. हवा गाळणाऱ्या एफआरएल युनिटचे बाउल, सैल झालेली वन-टच फिटिंग्ज, क्लिप ढिली पडलेले होज अशी किरकोळ ठिकाणं पुष्कळ होती, पण मोठं माप वेगळीकडेच जात होतं. रिसीव्हरमधलं पाणी आपोआप सोडणारा ऑटो ड्रेन कचऱ्याने अडकून उघडा राहिला होता, आणि कधीच काढून नेलेल्या एका मशिनची लाइन तशीच जिवंत होती, तिचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद. तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी: ७ बारला ३ मिलिमीटरच्या नुसत्या एका भोकातून मिनिटाला अर्ध्या घनमीटरहून जास्त हवा जाते. प्रत्येक जागेला त्याने टॅग बांधला, आणि पुढच्या काही सुट्ट्यांमध्ये मोठ्या गळतीपासून सुरुवात करून एकेक बंद केली. पुन्हा तीच चाचणी: लोड २० सेकंद, अनलोड १८० सेकंद. म्हणजे १० टक्के.

आता तुमचा हवा तो महिना धरण्याचा मुद्दा. तो रास्त आहे. या नामांकनात 'विजेचं बिल अमुक टक्के कमी झालं' असं लिहिलं असतं तर मीच ते परत पाठवलं असतं. बिल उत्पादनावर हलतं, नवीन मशिन आलं की हलतं. त्यात सगळ्यात वाईट महिना 'आधीचा' म्हणून धरला की पुढचा महिना कुणी काही न करताही बरा दिसतो. गुरुवारच्या चाचणीत उत्पादनच नसतं, त्यामुळे ही पळवाट आपोआप बंद होते. तरी एक राहतेच: दुसऱ्या वेळी मशिनचे हवेचे मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून चाचणी घेतली तर त्यांच्या पुढची सगळी गळती मोजमापातून गायब होते आणि आकडा झकास दिसतो. म्हणून दोन्ही वेळा व्हॉल्व्ह उघडे होते, कॉम्प्रेसर लोडवर येण्याचं आणि अनलोड होण्याचं, म्हणजे कट-इन आणि कट-आउट प्रेशर तेच होतं, हे एक वाक्य आम्ही मुद्दाम घातलं. समितीतल्या माणसाने हा प्रश्न विचारायच्या आत उत्तर कागदावर हवं.

पैशाचा हिशोब करताना खरी परीक्षा झाली. गळती मिनिटाला २.३ घनमीटरने कमी झाली. ७ बारला एका घनमीटरमागे ढोबळ ६ किलोवॅट धरले तर १४ किलोवॅट वाचले, असं कुणीही लिहून टाकेल. पण हा लोड-अनलोडवाला कॉम्प्रेसर आहे. अनलोडवर असतानाही मोटर फिरतच असते आणि पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खाते. ते वजा केलं की बचत उरते साधारण १० किलोवॅट. वर्षाला ६,००० तास धरले तर ६०,००० युनिट, आणि युनिटला ९ रुपये धरले तर ५ लाख ४० हजार रुपये. आम्ही हाच लहान आकडा लिहिला. फायनान्सच्या माणसाला एक आकडा फुगवलेला सापडला की तो बाकीचे आकडेही वाचत नाही.

दुसरा कॉम्प्रेसर घ्यावा लागला नाही, ही तर खूप मोठी रक्कम. ती या बचतीत मिळवायचा मोह होतो, पण दोन्ही वेगळ्या जातीचे पैसे आहेत. एक दरवर्षी वाचतात, दुसरे एकदाच, आणि तेही 'कदाचित'. म्हणून ते वेगळ्या ओळीत, कोटेशन जोडून.

अखेरीस फॉर्ममध्ये गेलेला मजकूर साधारण असा होता:

"शेवटच्या लाइनवर हवेचं प्रेशर पडत असल्याने दुसऱ्या कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलं होतं. खरेदीआधी गळती मोजावी असं यांनी स्वतःहून सुचवलं आणि सुट्टीच्या दिवशी चाचणी घेतली. गळती ३३ टक्के निघाली. यांनी गळतीच्या जागा शोधून, टॅग लावून, क्रमाने दुरुस्त केल्या. या कामात दोन अप्रेंटिस सोबत होते. त्याच पद्धतीने पुन्हा मोजल्यावर गळती १० टक्के, सहा महिन्यांनी १२ टक्के. प्रत्येक वेळी मशिनचे व्हॉल्व्ह उघडे आणि प्रेशर सेटिंग तीच होती. अनलोडची वीज वजा जाता अंदाजे बचत वर्षाला ६०,००० युनिट. दुसऱ्या कॉम्प्रेसरची खरेदी स्थगित (कोटेशन सोबत). चाचणीची नोंद मेंटेनन्स लॉगबुकमध्ये."

त्यातल्या '१२ टक्के' या आकड्यावर आमच्याकडे थोडी बाचाबाची झाली. तो कशाला लिहायचा, १० वरच थांबा, असं दोघातिघांचं मत. माझ्या मते संपूर्ण मजकुरात सगळ्यात वजनदार आकडा तोच आहे. हवेची गळती पुन्हा वाढते हे प्लांटमध्ये वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सहा महिन्यांनी कुणीतरी परत जाऊन मोजलं आणि जे आलं ते लिहिलं, यावरून समितीला बाकीचे आकडे कुणी काढले असतील याचा अंदाज येतो. अप्रेंटिसचा उल्लेखही तसाच. सगळं एकट्याने केलं असं लिहिलं असतं तर शॉपमधल्या पहिल्याच माणसाने ते खोडून काढलं असतं. यांचं स्वतःचं काय, तर खरेदीच्या घाईत 'आधी मोजूया' म्हणणं, आणि ते मजकुरात एका वाक्यात स्वच्छ दिसतं.

या मजकुरात सुंदर असं एकही वाक्य नाही, हेही बघा. 'अथक परिश्रम' नाही, 'आदर्श सहकारी' नाही. ज्याचा साहेब चांगलं लिहितो त्याला बक्षीस मिळतं ही तुमची तक्रार खोटी नाही, पण ते होतं ते बहुतेक विशेषणांनी भरलेल्या फॉर्मांच्या गर्दीत, जिथे भाषेखेरीज निवडायला दुसरं काही नसतं. लॉगबुकचं पान जोडलेलं असलं की लिहिणाऱ्याचं कसब फारसं लागत नाही. लागतं ते एवढंच, की साहेबाने फिटरशेजारी चहाला बसून विचारावं: आधी काय होतं, तू काय केलंस, कसं मोजलंस, आता काय आहे.

वर्षभर राबणाऱ्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. वर्षभराचं काम वार्षिक मूल्यमापनात, पगारवाढीत आणि बढतीत दिसायला हवं. तिथे कंजुषी करायची आणि वर्षाखेरीस एक ट्रॉफी देऊन भरपाई करायची, हा खरा अन्याय. त्याच माणसाची दहा कामं नामांकनात कोंबली तर मात्र त्याचंच नुकसान होतं. दहा ओळींपैकी एकही तपासण्याजोगी राहत नाही आणि वाचणारा 'मेहनती दिसतो' एवढं म्हणून पुढचा फॉर्म उचलतो.

'काहीच झालं नाही' याचा आकडा मात्र खरोखर अवघड आहे. जे मशिन दोन वर्षांत एकदा बंद पडतं ते यंदा एकदाही बंद पडलं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही; असं नामांकन मी करणार नाही. तिथे वेळेआधी काय सापडलं ते शोधा. एखाद्या स्पिंडलच्या बेअरिंगचं व्हायब्रेशन चढत असल्याच्या नोंदी आहेत, सुट्टीच्या दिवशी ते बदललं, आणि जुनं बेअरिंग कापून पाहिलं तर रेसवर खड्डे पडलेले. चढता आलेख, त्या खड्ड्यांचा फोटो आणि बदलल्यानंतरचं खाली आलेलं रीडिंग, हे तिन्ही मिळून एक गोष्ट होते. ब्रेकडाउन झालं असतं तर किती तास गेले असते, हे ठोकताळ्याने लिहू नका. त्याच मशिनचं मागचं तसंच ब्रेकडाउन लॉगबुकात असेल तर तेवढे तास द्या, नसेल तर ती ओळ सोडून द्या. आणि नोंदीच नसतील तर यंदा नामांकन करू नका, नोंदी सुरू करा.

एक सूचना, चाचणी करून बघणार असाल तर. तुमच्याकडे व्हीएफडीचा कॉम्प्रेसर असेल तर तो लोड-अनलोड होत नाही, स्पीड कमी-जास्त करतो, त्यामुळे वरचा हिशोब लागू पडणार नाही. तेव्हा रिसीव्हर ७ बारपर्यंत भरा, कॉम्प्रेसर बंद करा, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि प्रेशर ६ बारवर यायला किती वेळ लागतो ते बघा. आमच्या ३ घनमीटरच्या रिसीव्हरला ५४ सेकंद लागत होते, म्हणजे मिनिटाला तेच ३.३ घनमीटर. लाइन लांब असेल तर पाइपातलं आकारमानही रिसीव्हरमध्ये मिळवा, नाहीतर गळती आहे त्यापेक्षा कमी दिसेल.