त्या रिकाम्या जागेत कोण असणार?

रिकाम्या जागा भरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रिकाम्या जागा तयार करून बघाव्यात. भरणाऱ्याला एक शब्द सुचला की तो मोकळा. तयार करणाऱ्याला मात्र तिथे बसू शकणारे बाकीचे सगळे शब्द आधी उठवावे लागतात. आणि इंग्रजीतले शब्द म्हणजे लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यांसारखे, तीन जण बसलेले दिसत असतानाही ‘जरा सरका’ म्हणत टेकतातच.

माझ्याकडे संध्याकाळी हॉलमध्ये मोठ्या माणसांची इंग्रजीची शिकवणी चालते. केंब्रिजच्या सी वन अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेला बसणारे आहेत, परदेशी नोकरीसाठी धडपडणारी एक नर्स आहे, आयटीतला एक मुलगा आहे आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. काकांना कुठलीही परीक्षा द्यायची नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल पेन चालवल्यामुळे आता चुका काढायला काहीतरी हवं, म्हणून ते येतात. या परीक्षेत एक उतारा असतो, त्यात 8 जागा कोऱ्या असतात, पर्याय दिलेले नसतात आणि प्रत्येक जागेत फक्त एकच शब्द लिहायचा. मी तसे सरावाचे कागद स्वतः तयार करते. हौस, दुसरं काय.

त्या दिवशीचा विषय होता ‘विल’. भविष्यकाळाचा नव्हे, तो तर पाचवीत होऊन गेला. हा ‘विल’ म्हणजे न बघता छातीठोकपणे केलेल्या अंदाजाचा. दारावरची बेल वाजते आणि घरातला इंग्रज खुर्चीतून न उठता म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ पोस्टमन उद्या येणार असं त्याला म्हणायचं नसतं, तो आत्ता दाराबाहेर उभा आहे असं म्हणायचं असतं. मी आपली मोठ्या विश्वासाने फळ्यावर लिहून मोकळी झाले: बेल वाजली, ‘दॅट ____ बी द पोस्टमन.’

नर्सने लिहिलं ‘मस्ट’. आयटीवाल्याने लिहिलं ‘माइट’. काकांनी ‘कुड’ लिहून तिरपी रेघ मारली आणि पुढे ‘शुड’ही लिहिलं, शिवाय खाली सही. ‘विल’ कोणाच्याच कागदावर नव्हता, आणि दुर्दैवाने सगळ्यांचं इंग्रजी बरोबर होतं.

“मॅडम,” काका म्हणाले, “माझे मार्क कशाबद्दल कापणार तेवढं लेखी द्या.”

इथे आमच्या सासूबाई कामाला आल्या. आई स्वयंपाकघरात गवार मोडत बसलेल्या असतात आणि आमची बेल त्यांना ऐकूनच समजते. सहाच्या सुमाराला वाजली की मान वर न करता, “इस्त्रीवाला असणार.” त्यांनी काही पाहिलेलं नसतं. त्यांना फक्त घराचं वेळापत्रक ठाऊक असतं. नवरा मात्र दाराच्या भिंगाला डोळा लावतो आणि जाहीर करतो, “हातात बोचकं आहे, म्हणजे इस्त्रीवालाच असला पाहिजे.” मुलगा कानातले हेडफोन न काढता म्हणतो, “असेल कोणीतरी.” एका बेलवर तीन माणसं आणि तीन इंग्रजी क्रियापदं. आईंचा तो ‘विल’: रोजच्या माहितीवर उभा असलेला अंदाज. नवऱ्याचा ‘मस्ट’: समोरच्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. मुलाचा ‘माइट’: उठायचं नाही एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मंडळींची गोची होते ती ‘असेल’वर. मराठीत ‘पोस्टमन असेल’ हे ठाम आवाजात म्हटलं तर ठाम आणि खांदे उडवून म्हटलं तर ‘कोण जाणे’. इंग्रजी ‘विल’ला खांदे उडवता येत नाहीत. म्हणून मी वर्गाला सांगून ठेवलंय की मनातल्या मनात ‘असणार’ म्हणून बघा. बसलं तर ‘विल’, आणि तोंडात ‘असेल बुवा’ आलं तर ‘माइट’कडे जा.

“ते समजलं,” काका म्हणाले, “पण कागदावर वेळापत्रक कुठे आहे?”

खरं होतं. मी वाक्य वाढवलं: दहा वाजले आहेत, आणि तो नेहमी दहालाच येतो. ‘दॅट ____ बी द पोस्टमन.’ आता ‘माइट’ थोडा लाजला, ‘कुड’ उठून गेला, पण ‘मस्ट’ मांडी ठोकून बसलेला. काकांनी घड्याळाकडे बोट दाखवून दहा वाजणे हाच पुरावा आहे असा युक्तिवाद केला. ‘शुड’ही मागून हात वर करत होता. आणखी संदर्भ घालावा म्हणून ‘खिडकीतून त्याची खाकी पिशवी दिसतेय’ असं जोडावं तर सगळंच मुसळ केरात, कारण पिशवी दिसली की ‘मस्ट’चंच राज्य.

मग मला वाटलं, अ‍ॅपॉस्ट्रॉफी देऊ. ‘दॅट’ लिहायचं, डोक्यावर स्वल्पविराम टांगायचा आणि पुढची जागा कोरी ठेवायची. ‘मस्ट’ आणि ‘माइट’ अशा टांगलेल्या अवस्थेत राहू शकत नाहीत. उत्तर एकच: ‘दॅट्ल बी’. दारं-खिडक्या बंद झाल्या म्हणून मी जरा पाणी प्यायले.

“‘दॅटड बी’ का नाही?” काका.

काका इथेही चूक नव्हते. ‘दॅट वुड बी द पोस्टमन’ असंही म्हणतात. ठामपणा किंचित कमी, अदब किंचित जास्त, इतकाच काय तो फरक. नर्सने माझ्यासाठी आणखी पाणी आणलं.

शेवटी रिकाम्या जागेचा हट्ट सोडून मी दुसऱ्या प्रकाराकडे वळले. त्याच परीक्षेत वाक्य फिरवून लिहायचा प्रश्न असतो. एक वाक्य देतात, त्याखाली एक ठरावीक शब्द मोठ्या अक्षरांत देतात आणि अर्धवट दुसरं वाक्य पूर्ण करायला सांगतात. दिलेला शब्द धरून किमान 3 आणि जास्तीत जास्त 6 शब्द, आणि दिलेल्या शब्दात काडीचाही बदल चालत नाही. मी लिहिलं: ‘आय अ‍ॅम शुअर दे हॅव गॉट होम बाय नाऊ.’ शब्द दिला ‘विल’. पुढचं वाक्य: ‘दे ____ होम बाय नाऊ.’

आयटीवाल्याने ‘विल गेट’ लिहिलं. ते 2 च शब्द, म्हणजे नियमानेच परस्पर काटा काढला. त्याने ओशाळून मध्ये ‘डेफिनेटली’ घातला. आता शब्द तीन भरले, पण अर्थ पुढे जायला लागला, आणि मंडळी तर घरी पोचून चहा पीत होती. कोणी ‘दे’ला जोडून ‘दे’ल’ करून पाहिलं. तेही बाद, कारण दिलेला ‘विल’ मोडून त्याचा ‘ल’ करायला परवानगी नाही. मी म्हटलं, “आपण काय म्हणतो? एव्हाना घरी पोचले असतील. ‘पोचतील’ म्हणतो का?” नर्सचा चेहरा उजळला. ‘पोचले’ म्हणजे ‘गॉट’, ‘असतील’ म्हणजे ‘विल हॅव’. ‘विल हॅव गॉट’, मोजून तीन. काकांनी बोटांवर दोनदा मोजलं आणि नाइलाजाने मान हलवली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण ‘विल’चा दुसरा अवतार राहिला होता, सवयीचा. ‘शी विल सिट देअर फॉर अवर्स’ म्हणजे ती तिथे तासन् तास बसून असते, तिचा स्वभावच तो. हाच ‘विल’ जोर देऊन म्हटला की त्याला धार चढते: ‘ही विल लीव्ह द गीझर ऑन!’ म्हणजे शंभरदा सांगा, हा माणूस गीझर चालू ठेवणार म्हणजे ठेवणारच. जोराचा ‘विल’ आखडून ‘ही’ल’ करता येत नाही, केला की रागच निघून जातो. मी उदाहरण देताना आतल्या खोलीकडे बघितलं नव्हतं, तरी आतून गीझर बंद केल्याचा खटका ऐकू आला.

भूतकाळात गेलं की या सवयीचा ‘वुड’ होतो. ‘एव्हरी मे वी वुड गो टू अवर व्हिलेज’, दर मे महिन्यात आम्ही गावी जायचो. इथेही एक भोक आहे. काका भरून येऊन म्हणाले, “वी वुड हॅव अ स्कूटर.” जाणं, बसणं, ओरडणं अशा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींना ‘वुड’ चालतो. स्कूटर नुसती असणं ही घडणारी गोष्ट नाही, ती जिन्याखाली उभी असते. तिला ‘यूज्ड टू’ लागतो, आणि ते दोन शब्द एका कोऱ्या जागेत मावत नाहीत. काकांनी स्कूटर लगेच रस्त्यावर आणली: ‘ऑन संडेज माय फादर वुड किक इट फिफ्टी टाइम्स.’ हे बिनचूक होतं. स्कूटरलाही न्याय मिळाला.

पण मला एकच उत्तर असलेली कोरी जागा काही सोडवत नव्हती. ती शेवटी सापडली लंडनच्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात. साल 1963, ब्रिटिश मंत्री प्रोफ्युमोच्या लफड्याचं प्रकरण पेटलेलं, त्यात अडकलेल्या स्टीफन वॉर्डवरच्या खटल्याची प्राथमिक सुनावणी चालू होती. साक्षीला आलेल्या 18 वर्षांच्या मँडी राइस-डेव्हिसला वकिलाने सांगितलं की तू ज्यांच्याशी संबंध होते म्हणतेस ते लॉर्ड अ‍ॅस्टर तर सगळं नाकारतात. ती म्हणाली, ‘ही वुड, वुडन्ट ही?’ कोर्टात हशा पिकला आणि ते वाक्य इंग्रजीत कायमचं राहायला आलं. तो असंच म्हणणार की, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा! सवय, अंदाज आणि टोमणा, तिन्ही एका शब्दात.

मी फळ्यावर लिहिलं: ‘ही ____, वुडन्ट ही?’ आता लढव बाबा. शेपटाला ‘वुडन्ट’ बांधलेलं आहे, म्हणजे पुढे ‘वुड’च हवा. ‘मस्ट’ला जागा नाही, ‘माइट’ला नाही, ‘शुड’ही गुमान उभा. चौघांनी ‘वुड’ लिहिलं. काकांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण मॅडम, फारच सोपं झालं हे. याला मार्क ठेवणं योग्य नाही.”

स्वयंपाकघरातून गवारीचा आवाज थांबला. “ते असंच म्हणणार,” आई म्हणाल्या.